बूथमधला पंधरा आणि पन्नास

वैद्यकीय परिषदेत इंग्रजी भाषण सुरू असतानाच हेडफोनवर बूथमधल्या दुभाष्याचे मराठी ऐकू येते, त्या व्यवस्थेचे मूळ १९२० च्या दशकात आहे. अमेरिकी व्यापारी एडवर्ड फायलीन आणि अभियंता गॉर्डन फिनले यांनी उभी केलेली यंत्रणा तेव्हा जिनिव्हात वापरली गेली. पुढे नाझी नेत्यांवरील १९४५ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात ती रोज कसाला लागली. तिथे वेगावर उपाय होता तो दिव्यांचा. पिवळा दिवा लागला की वक्त्याने सावकाश बोलायचे, लाल लागला की थांबायचे. भारतात लोकसभेने ही सोय १९६४ मध्ये सुरू केली.

आजच्या परिषदेत असा दिवा क्वचितच असतो. वीस मिनिटांत चाळीस स्लाइड संपवणाऱ्या वक्त्याला कुणी थांबवत नाही. त्यामुळे दिव्याचे काम बूथमधल्या दुसऱ्या दुभाष्याकडे आले. दोघे साधारण अर्ध्या तासाने आलटून-पालटून बोलतात, पण जो गप्प असतो तो विश्रांती घेत नसतो. तो कागदावर मोठ्या अक्षरात आकडे आणि औषधांची नावे लिहून जोडीदारासमोर सरकवतो.

नाशिकमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजारावर भाषण आहे आणि पेठ, सुरगाण्याहून आलेले आरोग्य कर्मचारी मराठीत ऐकत आहेत, असे धरू. वक्ता घाईत म्हणतो, ‘हायड्रॉक्सीयुरिया, फिफ्टीन मिलिग्रॅम पर किलो पर डे’. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत फरक असतो तो शेवटच्या ‘न’चा आणि आघाताचा, आणि वेगात तोच आधी हरवतो. या औषधाचा कमाल डोस दर किलोला ३५ मिलिग्रॅम मानतात, हे माहीत असलेल्याला ५० ऐकू आले तरी लगेच खटकते. शब्दसूची करताना औषधासोबत त्याच्या डोसची मर्यादा लिहावी ती याचसाठी. ‘दर किलोला’ हे शब्द गळणे तितकेच घातक, कारण २० किलोच्या मुलाचे ३०० मिलिग्रॅम त्यावरच ठरतात.

मराठीची स्वतःची अडचण वेगळी आहे. इंग्रजीत दशक आधी येते, आपल्याकडे एकक. ‘फॉर्टी’ कानावर पडले म्हणून तोंड उघडता येत नाही. पुढचा ‘फाइव्ह’ आल्यावरच ‘पंचेचाळीस’ म्हणता येते. म्हणून आकडा येताना दिसला की मागे राहिलेले वाक्य छोटे करून संपवायचे, वक्त्याच्या जवळ जायचे, आणि आकडा मिलिग्रॅमसारख्या परिमाणासकट एका दमात सांगायचा. विशेषणे गेली तरी चालतील.

अनोळखी नावाचा अंदाज मात्र करू नये. ‘हायड्रॉक्सी’ एवढेच ऐकून वाक्य पुरे केले तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बाहेर पडू शकते, आणि ते वेगळेच औषध. ‘हे औषध’ म्हणून पुढे जावे, जोडीदाराने स्लाइडवरून नाव लिहून दिले की ते जसेच्या तसे सांगावे. आकडा चुकला तर तिथेच म्हणावे, ‘दुरुस्ती: दर किलोला पंधरा मिलिग्रॅम.’