सिमवर चालणारा राउटर घरात कोठे ठेवावा?

आमच्याकडून राउटर नेणारे बहुतेक ग्राहक तो टीव्हीशेजारी ठेवतात आणि रात्री चित्रपट अडखळू लागला की दिव्यांच्या कांड्या मोजतात. या कांड्या मुख्यतः टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो एवढेच सांगतात. तो किती स्वच्छ आहे, हे त्यांवरून कळत नाही.

त्यासाठी राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये उघडावा आणि सिग्नलच्या पानावर RSRP व SINR हे दोन आकडे पाहावेत. RSRP म्हणजे सिग्नलची ताकद. हा आकडा उणे असल्यामुळे -110 पेक्षा -95 चांगला. SINR म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटाच्या तुलनेत आपला सिग्नल किती वर आहे, ते. तो साधारण 13 च्या पुढे असावा आणि शून्याजवळ आला तर अडचण समजावी.

वारज्यातील एका ग्राहकांच्या घरी राउटर टीव्हीमागे होता. तेथे RSRP -108 आणि SINR 3 होता. दिवाणखान्याच्या खिडकीत नेल्यावर ताकद -92 झाली, कांड्या भरल्या, परंतु SINR 5 च्या पुढे जाईना, कारण त्या खिडकीतून महामार्गाकडील दोन-तीन टॉवर एकाच वेळी ऐकू येत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत ताकद -97, म्हणजे थोडी कमीच, पण SINR 15 मिळाला, कारण शेजारच्या इमारतीने बाकीचे टॉवर झाकले होते. राउटर तेथेच ठेवला आणि 4K चित्र थांबणे बंद झाले. (गृहिणींची परवानगी आधी घ्यावी, हे सांगणे न लगे.)

आपणही प्रत्येक खिडकीपाशी राउटर ठेवून दोन-तीन मिनिटे थांबावे, आकडे स्थिरावल्यावर लिहून घ्यावेत आणि SINR ला प्राधान्य द्यावे. काचेवर धातूमिश्रित सनफिल्म असेल तर ती खिडकी टाळावी. राउटर टीव्हीपासून लांब गेला तर वाय-फायवर विसंबण्यापेक्षा लॅन केबल ओढावी. बऱ्याच टीव्हींचे लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचेच असते, पण 4K ला साधारण 25 एमबीपीएस पुरतात.

आकडे सकाळी व रात्री सारखेच असून वेग फक्त रात्री नऊच्या सुमारास पडत असेल, तर बहुधा टॉवरवर गर्दी आहे आणि जागा बदलून फारसा उपयोग होणार नाही. अशा वेळी राउटरमध्ये सोय असल्यास दुसरा बँड, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची दुसरी फ्रिक्वेन्सी, निवडून पाहता येतो, मात्र त्या बँडचा सिग्नल गेला की जोडणीही तुटते, म्हणून मूळ ‘ऑटो’ सेटिंग कोठे आहे ते आधी टिपून ठेवावे. तरीही फरक न पडल्यास दोन्ही वेळचे आकडे घेऊन दुकानात यावे. दुसऱ्या कंपनीचे सिम आपल्याच खिडकीत लावून पाहण्याची व्यवस्था आम्ही करतो.