शब्द मराठी, वाक्य हिंदी

संगणकाशी मराठीत संवाद साधणारे अनेक जण सुरुवातीलाच एक सूचना लिहून ठेवतात: उत्तरे मराठीत द्यावीत आणि त्यांत हिंदी शब्द नसावेत. पहिली दोन-तीन उत्तरे बहुधा मनासारखी येतात. संवाद लांबला की मात्र ‘माहिती’च्या जागी ‘जानकारी’ डोकावते, ‘उपयोगी’च्या जागी ‘उपयोगी साबित होईल’ असे काहीतरी येते आणि काही वेळाने वाक्यांचा बाजच बदललेला जाणवतो. सूचना तर कोणी मागे घेतलेली नसते. मग ती टिकत का नाही?

अशी उत्तरे भाषा मॉडेल तयार करते. ते शब्दकोश उघडून शब्द निवडत नाही. प्रशिक्षणाच्या वेळी त्याने प्रचंड मजकूर वाचलेला असतो आणि त्यावरून ‘आतापर्यंत एवढे लिहून झाले आहे, तर पुढचा तुकडा कोणता असण्याची शक्यता किती’ एवढेच ते पुन्हा पुन्हा ठरवत असते. या तुकड्याला टोकन म्हणतात. मराठीचा एक शब्द अनेकदा दोन, तीन किंवा त्याहून अधिक टोकनांत विभागला जातो. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहिल्या जात असल्यामुळे हे तुकडे दोन्ही भाषांना सामाईक असतात. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ छापताना आपण वेगळ्या वळणाने काढतो, पण तो फरक टंकाचा आहे. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही भाषांतली ही अक्षरे एकच आहेत. त्यामुळे ‘सहाय’ एवढे लिहून झाल्यावर पुढे ‘सहाय्य’ घडवायचे की ‘सहायता’, हा निर्णय केवळ शक्यतेच्या बळावर होतो आणि तिथे हिंदीचे पारडे जड असते. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8.3 कोटी होते, तर हिंदीखाली मोजलेले सुमारे 52.8 कोटी, महाजालावरच्या मजकुरातही हिंदी मराठीपेक्षा कितीतरी अधिक आहे.

आपली सूचना हे पारडे हलवते, पण दुसरी बाजू पूर्णपणे बंद करत नाही. थोडा हिशोब करून पाहू. प्रत्येक शब्दाच्या वेळी मॉडेल योग्य मराठी शब्द निवडण्याची शक्यता 99 टक्के आहे, असे समजा. मग 400 शब्दांचे संपूर्ण उत्तर निर्दोष येण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी उरते. अचूकता 99.9 टक्क्यांवर नेली, तरी तीनांतले साधारण एक उत्तर कुठेतरी घसरेल. शिवाय या हिशोबात प्रत्येक शब्द स्वतंत्र मानला आहे. प्रत्यक्षात एकदा निसटलेला हिंदी शब्द पुढच्या लेखनाचा संदर्भ बनतो आणि त्याच्या सोबतीने येणाऱ्या इतर हिंदी शब्दांची शक्यता वाढवतो. संवाद लांबतो तसा असा मजकूर साचत जातो, तर आपली सूचना मात्र कुठेतरी वर, सुरुवातीला, एकाच ओळीत राहिलेली असते.

एवढाच प्रश्न असता, तर वर्ज्य शब्दांची यादी देऊन तो बराचसा सुटला असता. खरी अडचण त्याच्या पलीकडे आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. उदाहरण म्हणून, शासकीय योजनेसाठी अर्ज करणाऱ्याला मिळणाऱ्या उत्तरांत सहज आढळेल अशी ही वाक्ये पाहा:

‘काय तुमच्याकडे उत्पन्नाचा दाखला उपलब्ध आहे? जर नसेल, तर तहसील कार्यालयाशी संपर्क करा, तिथे तुमची मदत केली जाईल.’

यात एकही शब्द मराठी शब्दकोशाबाहेरचा नाही. तरीही मराठी कानाला ते खटकते, आणि का खटकते हे नेमके सांगता येते. होय-नाही स्वरूपाचा प्रश्न मराठी वाक्याच्या शेवटी ‘का’ ठेवून विचारते. ‘काय’ आरंभी ठेवणे हा हिंदीतल्या ‘क्या’चा साचा आहे. मराठीत मदत माणसाला करतात, म्हणून ‘तुम्हाला मदत’. ‘तुमची मदत’ हा ‘आपकी मदद’चा षष्ठीचा प्रयोग आहे. संपर्क आपण ‘साधतो’. आणि कर्त्याचे नाव सांगायचे नसेल, तर बोलीत ‘मदत केली जाईल’ असे म्हणण्यापेक्षा ‘मदत करतील’ असे म्हणणे अधिक स्वाभाविक असते. हीच वाक्ये मराठीत अशी होतील: ‘तुमच्याकडे उत्पन्नाचा दाखला आहे का? नसेल तर तहसील कार्यालयात जा, तिथे तुम्हाला मदत करतील.’

शब्दांची चाळणी कितीही बारीक केली, तरी पहिली वाक्ये तिच्यातून अलगद निघून जातात. अर्थ बदललेल्या शब्दांचेही तसेच. हिंदीत ‘सूचना’ म्हणजे माहिती, ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘अभ्यास’ म्हणजे सराव, ‘आपत्ति’ म्हणजे हरकत आणि ‘व्यस्त’ म्हणजे कामात गढलेला. मराठीत हे सर्व शब्द आहेत, पण ‘शिक्षा’ चुकीबद्दल होते आणि ‘व्यस्त’ प्रमाण गणितात असते. ‘मी आज व्यस्त आहे’ हे वाक्य यादीच्या कसोटीला उतरते. मराठी मात्र ‘मी आज कामात आहे’ असे म्हणेल.

यादी दुसऱ्या बाजूनेही चुकते. हिंदीत आढळणारा प्रत्येक शब्द टाळायचे ठरवले, तर फायदा, जमीन, वकील, हरकत, हुकूम आणि खुद्द मदत हे शब्दही जातील. हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि शतकानुशतके दख्खनच्या राजवटींच्या कारभारातून मराठीत रुजले. ते हिंदीकडून घेतलेले नाहीत. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या काळात तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने अशा अनेक फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले होते, तरी त्यांपैकी कितीतरी मूळ शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. आता ‘फायदा’ टाळून मॉडेलने ‘लाभ’ लिहिले, तर तो शब्द हिंदीतही तितकाच प्रचलित आहे. म्हणजे सूचना पाळली गेली नाही आणि भाषा मात्र उगाच जड झाली. वऱ्हाडी बोलीत ‘मी करून राहिलो’ हे सहज रूप आहे. ‘कर रहा हूँ’शी साम्य दिसते म्हणून ते काढून टाकणारा नियम वऱ्हाडी माणसावर अन्याय करतो.

घसरण सुरू झाली आहे हे ओळखण्याच्या काही खुणा ढोबळ, तर काही सूक्ष्म आहेत. वाक्याच्या शेवटी पूर्णविरामाऐवजी उभा दंड आला, ‘ड़’ किंवा ‘ढ़’ असे अक्षराखाली टिंब दिसले, ‘पाँच’मधला चंद्रबिंदू आला, तर मजकुराने उघडच हद्द ओलांडली असे समजावे. भाषा ओळखणारी स्वयंचलित साधने इथे फारशी उपयोगाची नाहीत, कारण ती पूर्ण वाक्याकडे किंवा परिच्छेदाकडे पाहतात आणि ‘आहे’, ‘आणि’, ‘च्या’ सापडले की मराठी असा निर्वाळा देतात. सूक्ष्म घसरण पाहायची असेल, तर प्रश्नांत ‘का’ कुठे आहे आणि मदत, फोन, प्रतीक्षा या शब्दांच्या आधी कोणती विभक्ती व नंतर कोणते क्रियापद आले आहे, एवढे तपासावे. ‘प्रतीक्षा करा’ दिसले, की तिथे ‘वाट पाहा’ हवे होते हे लगेच कळते.

म्हणून ‘हिंदी शब्द नकोत’ या नकारापेक्षा हव्या असलेल्या मराठीचा नमुना देणे अधिक परिणामकारक ठरते. आपल्याला आवडणाऱ्या, साध्या, बोलत्या मराठीतला आठ-दहा वाक्यांचा उतारा, ज्यात दोन-तीन प्रश्न आणि एखादी विनंती आहे, सूचनेसोबत ठेवला, तर पुढच्या तुकड्यांच्या शक्यता ठरवताना मॉडेलला अनुकरणासाठी वाक्यरचनाच मिळते. वर्ज्य शब्दांच्या लांब यादीत उलट तेच शब्द संदर्भात येऊन बसतात. संवाद लांबला, की तो उतारा पुन्हा द्यावा लागतो. तयार उत्तर दुसऱ्या फेरीत केवळ भाषेच्या दृष्टीने तपासून घेतले, तर ‘जानकारी’सारखे शब्द बहुतेक निघून जातात, ‘तुमची मदत’ मात्र या फेरीतूनही पुष्कळदा सुटते, कारण मराठी म्हणून जो मजकूर मॉडेलने वाचला, त्यातला काही भाग हिंदीवरून घाईने केलेल्या भाषांतरांचा, जाहिरातींचा आणि मालिकांच्या संवादांचा आहे, आणि तिथे ‘तुमची मदत’ आधीच मराठी म्हणून छापली गेलेली आहे.