चेबिशेव्ह बिंदू

फलनाच्या काही ठरावीक बिंदूंवरच्या किमती घेऊन त्यांतून जाणारी बहुपदी काढणे म्हणजे बहुपदी अंतर्वेशन. हे बिंदू कुठे घ्यायचे, याचे [-1, 1] या अंतरालासाठीचे एक उत्तर म्हणजे चेबिशेव्ह बिंदू. ज्या बहुपदींची मुळे म्हणजे हे बिंदू, त्या रशियन गणिती पाफ्नुती चेबिशेव्ह यांना वाफेच्या इंजिनातल्या दांड्यांच्या जोडण्या अभ्यासताना सापडल्या. त्यावरचा त्यांचा निबंध १८५४ सालचा.

f हे फलन, p ही अंतर्वेशन बहुपदी आणि ξ हा अंतरालातला कुठलातरी बिंदू. x₁ ते xₙ असे n बिंदू घेतले तर x या ठिकाणची त्रुटी अशी येते:

f(x) − p(x) = f⁽ⁿ⁾(ξ)/n! · (x−x₁)(x−x₂)…(x−xₙ)

पहिला भाग फलनाच्या n व्या विकलजातून येतो आणि तो आपल्या हाती नसतो. बिंदू निवडून बदलता येतो तो फक्त शेवटचा गुणाकार. म्हणून त्याचे सर्वांत मोठे केवलमूल्य शक्य तितके लहान करायचे.

चार बिंदू घेऊन पाहू. समान अंतरावरचे −1, −1/3, 1/3, 1 घेतले, तर गुणाकार (x²−1)(x²−1/9) होतो. तो मध्यावर ०.१११ असतो, पण टोकांकडे, x² = 5/9 असताना, ०.१९८ पर्यंत जातो. आता एका अर्धवर्तुळाच्या कमानीचे चार सारखे भाग करा आणि प्रत्येक भागाच्या मध्यातून व्यासावर लंब टाका. लंबांचे पाय ±०.९२४ आणि ±०.३८३ वर पडतात. हेच चेबिशेव्ह बिंदू. टोकांकडे दाट, मध्ये विरळ:

x_k = cos((2k−1)π/(2n)), k = 1, …, n

यांचा गुणाकार x⁴ − x² + 1/8 होतो. तो −1, −1/√2, 0, 1/√2, 1 या पाच ठिकाणी आळीपाळीने +1/8 आणि −1/8 होतो, त्यापलीकडे कुठेच जात नाही.

याहून लहान का होऊ शकत नाही, याची सिद्धता फार देखणी आहे. समजा x⁴ ने सुरू होणारी दुसरी एखादी बहुपदी सगळीकडे 1/8 पेक्षा लहान राहिली. मग आपल्या बहुपदीतून ती वजा केल्यावर त्या पाच ठिकाणी चिन्हे आळीपाळीने बदलतील, म्हणजे वजाबाकीला किमान चार मुळे असतील. पण x⁴ तर उडून गेलेला, कोटी तीनच उरली! हे अशक्य आहे. हाच युक्तिवाद कोणत्याही n ला लागू पडतो आणि गुणाकाराची कमाल मर्यादा 2¹⁻ⁿ येते.

बिंदू वाढले की फरक ठळक होतो. कार्ल रुंगे यांनी १९०१ साली 1/(1+25x²) हे साधे दिसणारे फलन घेतले. ११ समान अंतरावरच्या बिंदूंनी बहुपदी टोकांजवळ उसळते आणि त्रुटी सुमारे १.९ होते, जेव्हा फलन स्वतः कधी १ च्या वर जात नाही. तितक्याच चेबिशेव्ह बिंदूंनी ती सुमारे ०.११ राहते. समान अंतरावर बिंदू वाढवत नेले तर उसळी आणखी वाढते. मध्य ठीक आणि टोके बिघडलेली, ही तिची खूण.

मात्र येथे लहान होतो तो गुणाकार. विशिष्ट फलनासाठी सर्वोत्तम बहुपदी यापेक्षा थोडी वेगळी असू शकते. |x| सारख्या टोकदार फलनाला हे बिंदूही हळूहळूच गाठतात. आणि मोजमापे आधीच समान अंतरावर घेतलेली असतील, तर बिंदू निवडण्याची मुभाच नसते. तेव्हा तुकड्यातुकड्यांच्या बहुपदी वापराव्यात.