लिमिटचं उत्तर १ येतं ते कुठून: लॉगच्या दोन सूत्रांची पार्श्वभूमी

अकरावी सायन्सच्या लिमिटच्या धड्यात ही दोन सूत्रं चौकटीत छापलेली असतात:

x → 0 असताना log(1+x)/x → 1

x → 0 असताना (e^x − 1)/x → 1

मुलं ती पाठ करतात, उदाहरणात घालतात, मार्क मिळवतात. त्यातलाच एखादा मुलगा दुपारी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लॉग टेबल उघडतो. तिथे १.०१ चा लॉग ०.००४३ दिलेला असतो. त्याला ०.०१ ने भागलं तर ०.४३ येतात. १ च्या जवळपासही नाही. सर सांगतात, गणिताच्या पुस्तकातला लॉग e पायाचा आणि टेबलातला १० पायाचा. उत्तर बरोबर आहे, पण मूळ प्रश्न तसाच राहतो: e पाया घेतला की नेमका १ येतो, तो का? मला या प्रश्नाचं सगळ्यात समाधानकारक उत्तर इतिहासात सापडलं. ते लिमिट हा शब्द गणितात रुळण्याच्या दोनशे वर्षं आधीचं आहे.

१६१४ साली एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचा जमीनदार जॉन नेपियर याने लॉगचं पहिलं टेबल छापलं. घातांक आणि पाया ही आपली भाषा त्याच्याजवळ नव्हती. त्याने दोन बिंदू कल्पिले. पहिला बिंदू १,००,००,००० लांबीच्या रेषेवर चालतो, आणि पुढे जितकं अंतर उरलं असेल त्या प्रमाणात त्याचा वेग कमी होत जातो. दुसरा बिंदू एका न संपणाऱ्या रेषेवर एकाच वेगाने चालत राहतो. पहिल्याचं उरलेलं अंतर ही संख्या, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याने कापलेलं अंतर हा तिचा लॉग. सगळ्यात महत्त्वाची अट अशी की निघताना दोघांचा वेग सारखा.

आता पहिला बिंदू १ एकक चालला, म्हणजे त्याच्यापुढे ९९,९९,९९९ उरले. दुसरा किती चालला असेल? पहिला वाटेत मंदावतो, दुसरा मंदावत नाही, म्हणून दुसरा १ पेक्षा थोडा जास्त गेला असणार. पण पहिल्याचा वेग कमी होऊन होऊन एक कोटीत एक भागच कमी झाला आहे. तो अख्खा तुकडा त्या कमी वेगाने चालला असं धरलं, तरी दुसऱ्याचं अंतर १.००००००१ च्या आसपासच भरतं. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार. नेपियरने मधोमध १.०००००००५ धरलं आणि तिथून पुढचं सगळं टेबल उभं केलं. आजच्या हिशेबाने त्याच्या या आकड्यातली चूक दशांशचिन्हानंतर पंधराव्या स्थानावर येते.

हेच आपलं पहिलं सूत्र आहे, x ला उणे एक कोटीवा भाग घेऊन. नेपियरचे लॉग संख्या कमी झाली की वाढतात, त्यामुळे चिन्ह उलटं पडतं इतकंच. उत्तर १ च्या इतकं जवळ आलं, कारण दोन्ही बिंदू एकाच वेगाने निघाले. म्हणजे तो १ नेपियरने सिद्ध केलेला नाही, तो त्याने अट म्हणून घातला. आणि ज्या दोन आकड्यांच्या चिमट्यात त्याने उत्तर पकडलं, तो चिमटा आज x/(1+x) < log(1+x) < x असा लिहितात. चांगल्या पुस्तकात या लिमिटची सिद्धता अजूनही त्यावरूनच देतात.

नेपियरचं पुस्तक लंडनच्या ग्रेशम कॉलेजातल्या हेन्री ब्रिग्जच्या हाती पडलं. १६१५ साली तो एडिंबरोला जाऊन नेपियरला भेटला. १ चा लॉग ० आणि १० चा लॉग १ ठेवावा, असं दोघांचं ठरलं. हिशेब करणाऱ्यांच्या दृष्टीने हे फार सोयीचं होतं, कारण दशांशचिन्ह सरकलं की लॉगचा पूर्णांक तेवढा बदलतो. पण याची किंमत द्यावी लागली. निघतानाचा वेग सारखा ठेवण्याची अट सुटली आणि तिच्याबरोबर तो १ ही गेला. १६१७ साली नेपियर वारला आणि नव्या टेबलांचं काम एकट्या ब्रिग्जवर आलं.

ब्रिग्जने १० चं वर्गमूळ काढलं, त्या वर्गमूळाचं वर्गमूळ, मग त्याचं, असं करत गेला. दर वेळी लॉग निम्मा होतो. आपणही थोडं करून पाहू. पहिलं वर्गमूळ ३.१६२२७७६६, पाचवं १.०७४६०७८३, नववं १.००४५०७३६, दहावं १.००२२५११५. आता १ च्या वरचा भाग तेवढा पाहा. नवव्यात तो ०.००४५०७३६ आहे आणि दहाव्यात ०.००२२५११५, म्हणजे जवळपास निम्मा. पहिल्या पायऱ्यांना असं होत नाही. जसजसं १ च्या जवळ जावं, तसतसा लॉगप्रमाणे हा वरचा भागही निम्मा होऊ लागतो. दोन्ही गोष्टी बरोबरीने निम्म्या होत असतील, तर त्यांचं गुणोत्तर ठरलेलं राहणार. दहाव्या पायरीला लॉग १/१०२४ म्हणजे ०.०००९७६५६२५ आहे. त्याला ०.००२२५११५ ने भागलं की ०.४३३८ येतात.

ब्रिग्ज दहा पायऱ्यांवर थांबला नाही. त्याने चोपन्न वर्गमुळं काढली, प्रत्येक तीसहून जास्त दशांश स्थानांपर्यंत आणि हाताने. शेवटच्या संख्येत १ च्या वरचा भाग असा: दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं, मग १२७८१९१४९३२... तिचा लॉग म्हणजे १ भागिले २ चा चोपन्नावा घात, यात दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं आणि मग ५५५१११५१२३... या दोन्हींचं गुणोत्तर ०.४३४२९४४८१९. फिजिक्सच्या टेबलातले ०.४३ हेच.

एवढी जास्त स्थानं का, याचं कारण सरळ आहे. संख्या १ च्या इतकी जवळ आली की पहिली सोळा स्थानं १ आणि शून्यं यांतच खर्च होतात. तीस-बत्तीस स्थानं ठेवली तेव्हा कुठे कामाचे पंधरा-सोळा अंक हाती उरतात. ब्रिग्जचं टेबल चौदा स्थानांचं होतं, त्यामुळे तेवढे अंक त्याला पुरेसे होते.

या गुणोत्तराचा त्याने त्रैराशिकासारखा उपयोग केला. २ चा लॉग हवा आहे. २ चा दहावा घात १०२४. त्याला १००० ने भागून १.०२४ घेतले, म्हणजे सुरुवातच १ च्या जवळून झाली. त्याची सत्तेचाळीस वर्गमुळं काढली. १ च्या वर जो भाग उरला, त्यात पंधरा शून्यांनंतर १६८५१६०५७... आले. त्याला ०.४३४२९४४८१९ ने गुणलं, की त्या इवल्याशा संख्येचा लॉग मिळाला. मग तो २ च्या सत्तेचाळिसाव्या घाताने गुणून परत वर आणला: ०.०१०२९९९५६६. हा १.०२४ चा लॉग. त्यात ३ मिळवले की १०२४ चा, आणि दहाने भागले की २ चा: ०.३०१०२९९९५६६. बारावीपर्यंत पाठ असलेलं ०.३०१० ते हेच. १६२४ साली ब्रिग्जचं पुस्तक छापून आलं. त्यात १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे लॉग होते.

त्यानंतर हायपरबोलाखालचं क्षेत्रफळ लॉगसारखं वागतं हे लक्षात आलं, १६६८ साली मर्केटरने log(1+x) ची श्रेणी छापली, आणि याकोब बर्नोली चक्रवाढ व्याजाच्या प्रश्नातून e पर्यंत पोचला. व्याजाची ती गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथे लांबवत नाही.

दोन्ही सूत्रं एकत्र आली ती १७४८ च्या ऑयलरच्या पुस्तकात. त्याने कुठलाही पाया a घेतला आणि लिहिलं की ω अतिसूक्ष्म असेल तर

a^ω = 1 + kω

हा k पायावर अवलंबून असतो. त्याने उदाहरण दिलं ते ब्रिग्जच्या पायाचं. १ + १/१०,००,००० चा टेबलातला लॉग ०.००००००४३४२९. तोच ω मानला तर k = १,००,०००/४३,४२९, म्हणजे साधारण २.३०२६. ०.४३४ ची ही उलटी बाजू. मग ऑयलरने प्रश्नच फिरवला: k बरोबर १ होईल असा पाया कोणता? उत्तर २.७१८२८१८२८४५९..., आणि त्याला त्याने e म्हटलं. नेपियरने वेग सारखे ठेवून जे मिळवलं होतं, ते इथे पाया निवडून मिळालं. म्हणून (e^x − 1)/x → 1 हे मला e च्या गुणधर्मापेक्षा e च्या व्याख्येसारखंच जास्त वाटतं. कुठल्याही पायाचं सूत्र (a^x − 1)/x → log a यातला log a म्हणजेच ऑयलरचा k.

अतिसूक्ष्म म्हणजे नेमकं किती, हे ऑयलरने सांगितलं नाही. १८२३ च्या आपल्या व्याख्यानांत कोशीने पहिल्याच धड्यात (1+α)^(1/α) ची सीमा e अशी मांडली आणि लॉगचं विकलन तिच्यावरून काढलं. आपल्या पुस्तकातली वाट बरीचशी तीच आहे: log(1+x)/x म्हणजे log (1+x)^(1/x), त्याची सीमा log e, म्हणजे १. मग e^x − 1 = y ठेवलं की दुसरं सूत्र पहिल्याचंच उलटं होऊन समोर येतं. सीईटीची तयारी करणारी मुलं इथे लोपिताल लावून मोकळी होतात. उत्तर १ च येतं, पण लॉगचं विकलन १/x आहे हे याच लिमिटवरून काढलेलं असतं. सिद्धता विचारली असेल, तर तो पुरावा होत नाही.

ब्रिग्जला अंक वाया जाण्याची जी अडचण आली, ती संगणकालाही येते.

```python
import math
x = 1e-15
print(math.log(1 + x) / x)
print((math.exp(x) - 1) / x)
print(math.log1p(x) / x)
```

पहिल्या दोन print ओळींचं उत्तर १.११०२२३०२ येतं, म्हणजे चूक अकरा टक्के. x आणखी लहान, 1e-16 घेतला तर सरळ शून्य. सूत्र खोटं पडलेलं नाही. संगणक साधारण सोळा अंक ठेवतो, आणि 1 + x करतानाच x चे जवळजवळ सगळे अंक सांडतात. ब्रिग्जची चोपन्नावी संख्या या संगणकात मावतच नाही, तिच्या जागी पंधरा शून्यांनंतर २२२ असलेली संख्या जाऊन बसते. तिसऱ्या print ओळीतला log1p मात्र १ च्या अगदी जवळचं उत्तर देतो. तो 1 + x ची बेरीज न करता थेट x वरून लॉग काढतो. त्याचा जोडीदार expm1 तसाच थेट e^x − 1 काढतो. १९७९ च्या एचपी-४१सी कॅल्क्युलेटरवर ही दोन्ही फंक्शनं होती.

log1p हाताशी नसेल तर संगणकावरच्या आकडेमोडीचे अभ्यासक विल्यम काहान यांची एक युक्ती आहे. w = 1 + x काढायचा, अंक सांडले तरी सांडू द्यायचे. w बरोबर १ आला तर उत्तर x. नाहीतर

x · log(w)/(w − 1)

w चुकलेला असतो, पण log(w) आणि w − 1 दोन्ही त्याच चुकलेल्या w वरून काढलेले असतात, आणि १ जवळ त्यांचं गुणोत्तर w किंचित हलला तरी फारसं बदलत नाही. म्हणून खऱ्या x ला त्या गुणोत्तराने गुणलं की लॉग जवळजवळ सगळ्या अंकांत बरोबर येतो. ब्रिग्जने १.०२४ च्या सत्तेचाळिसाव्या वर्गमुळावर केलेलं त्रैराशिक ते हेच, फक्त ०.४३४२ च्या जागी इथे १ आहे.