गतिधूसरता, चेहराबदलातील

हालत्या माणसाच्या छायाचित्रात दुसऱ्या छायाचित्रातील चेहरा बसवताना त्याला शरीराशी जुळणारी धूसरता देण्याची प्रक्रिया. शटर उघडे असताना प्रत्येक बिंदू जेवढा सरकतो तेवढी त्याची रेघ उमटते. त्यामुळे गतीला आडव्या कडा फिसकटतात, तर समांतर कडा बऱ्याच अंशी रेखीव राहतात.

संगणकीय प्रतिमांत अशी धूसरता निर्माण करण्याचे श्रेय एकाच व्यक्तीला देणे कठीण आहे. पोटमेसिल व चक्रवर्ती, तसेच कोराइन व बॅडलर, यांचे निबंध संगणकीय चित्रणावरील १९८३ च्या सिग्राफ परिषदेतच प्रसिद्ध झाले. छायाचित्र-संस्काराला पोटमेसिल व चक्रवर्ती यांची मांडणी अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात आधी तयार झालेल्या स्पष्ट प्रतिमेवर धूसरता नंतर चढवली जाते.

सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या कुस्ती मैदानावर १/६० सेकंदाने टिपलेल्या डावात मल्लाचे डोळे मिटले असून, त्याच कुस्तीतील दुसऱ्या छायाचित्रातून त्याचाच स्पष्ट चेहरा घ्यायचा आहे, असे समजू. मोजमाप हातापायांवरून घेऊ नये, कारण त्यांची गती डोक्याहून वेगळी असते. उडालेल्या लाल मातीच्या कणांवरून तर मुळीच नाही. कानशिलावरील घामाच्या थेंबाची चमक ४८ पिक्सेल लांब आणि उजवीकडे ३० अंश खाली उतरती दिसली, तर तोच कोन व तीच लांबी फोटोशॉपच्या Motion Blur मध्ये Angle −३० व Distance ४८ अशी द्यावी. पडताळणीही करता येते: सुमारे १५ सेंमी रुंद डोके चित्रात ३०० पिक्सेल भरत असेल, तर ४८ पिक्सेल म्हणजे २.४ सेंमी, म्हणजेच सेकंदाला सुमारे दीड मीटर वेग. डाव टाकताना तो संभवनीय आहे.

चेहरा केसांसह पारदर्शक थरावर ठेवून सबंध थर धूसर करावा आणि खालील मूळ डोके पुसून तेथे पार्श्वभूमी भरावी. थराचा दिसणारा भाग ठरवणाऱ्या मास्कच्या आतच धूसरता दिल्यास गालाची कड सुरीने कापल्यासारखी राहते, आणि चिकटवलेला चेहरा बहुधा तेथेच उघडा पडतो. मूळ डोके तसेच राहिले, तर नव्या कडेमागून त्याची छटा डोकावते. संस्कार रेषीय, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणातील मूल्यांत केल्यास चमकेची रेघ उजळ राहते. पडद्यासाठी वक्राने बदललेल्या नेहमीच्या गॅमामूल्यांत ती करडी पडते. धूसरतेने चेहऱ्यावरील कणदारपणाही पुसला जात असल्याने तो सर्वांत शेवटी, शेजारच्या त्वचेशी ताडून, परत घालावा.

ही रीत सरळ व समान गतीपुरती आहे. डोके मानेवर वळत असेल, तर नाक जास्त व कान कमी सरकतो. अशा वेळी फोटोशॉपच्याच Path Blur मध्ये वक्र मार्ग आखावा लागतो. घेतलेला चेहराच दुसऱ्या दिशेने हललेला असेल, तर तो सोडून दुसरा शोधणे श्रेयस्कर, कारण रिचर्डसन (१९७२) व लुसी (१९७४) यांच्या पद्धतीने धूसरता काढू गेल्यास कडांभोवती वलये उठू शकतात. वृत्तछायाचित्रात मात्र असा बदल ग्राह्य धरला जात नाही.