नऊ टक्के महाग, चौदा टक्के स्वस्त

डिचोलीच्या एका मुलीला पणजीला रोज कामावर जायला स्कूटर घ्यायची आहे. म्हापशातल्या शोरूममध्ये तिला सांगितलं, "१ लाख २० हजार, ३ वर्षं, व्याज फक्त ९ टक्के." बँकेत त्याच रकमेला, त्याच मुदतीला १४ टक्के सांगितले. घरच्यांचं मत अर्थातच शोरूमच्या बाजूनं पडलं.

पण हे दोन आकडे एका मापाचे नाहीतच. शोरूमचा दर 'फ्लॅट' आहे, म्हणजे पूर्ण १ लाख २० हजारांवर तिन्ही वर्षं ९ टक्के. एकूण व्याज ३२,४०० रुपये, हप्ता ४,२३३. बँकेचा दर 'रिड्यूसिंग', म्हणजे दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज. हप्ता ४,१०१ आणि व्याज सुमारे २७,६००. म्हणजे ९ टक्क्यांचं कर्ज १४ टक्क्यांच्या कर्जापेक्षा जवळजवळ पावणेपाच हजारांनी महाग पडतं.

असं का होतं ते शेवटच्या हप्त्यात दिसतं. फ्लॅटच्या साध्या हिशेबानं दर हप्त्यात ३,३३३ रुपये मुद्दल आणि ९०० रुपये व्याज. पस्तीस हप्ते फेडल्यावर देणं उरतं ३,३३३, तरी त्या महिन्याचं व्याज ९०० रुपयेच. एका महिन्याला २७ टक्के! बँकेच्या कर्जात पहिल्या महिन्याचं व्याज १,४०० असतं, फ्लॅटपेक्षा जास्त, पण शेवटच्या महिन्यात ते ४७ रुपयांवर येतं. पहिल्या हप्त्याची फोड पाहून बँकेचं कर्ज महाग वाटतं ते यामुळेच.

आता दोन्ही दर एका मापात आणू. शोरूम आणि बँक दोघांकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या: हातात मिळणारी रक्कम, हप्ता आणि हप्त्यांची संख्या. दर विचारायचाच नाही. मग स्प्रेडशीटमध्ये:

```
=RATE(36,-4233,120000)*12
=RATE(36,-4101,120000)*12
```

पहिल्याचं उत्तर १६.२ टक्के, दुसऱ्याचं १४. हप्त्यापुढचं वजा चिन्ह विसरलात तर चूक दाखवेल. खाना दशांश लपवत असेल तर १६.२ चे नुसते १६ दिसतील, तेव्हा दशांश वाढवून घ्या. व्याजावर व्याज धरून वर्षाचा परिणामी दर काढला तर हेच आकडे १७.५ आणि १४.९ होतात. तुलनेत कुठलंही माप चालेल, दोन्हींना एकच लावा म्हणजे झालं. काउंटरवर उभं राहून अंदाज हवा असेल तर मधल्या मुदतीच्या कर्जाचा फ्लॅट दर साधारण १.८ नं गुणा. ९ चे १६.२ येतात.

शुल्क या हिशेबात सुटून जातं. बँकेनं २,४०० रुपये प्रोसेसिंग फी कापून घेतली तर हातात येतात १,१७,६०० आणि हप्ता मात्र तोच. सूत्रात १,२०,००० च्या जागी १,१७,६०० घाला. १४ चे १५.४ होतात. शोरूमच्या कर्जात कधी पहिला हप्ता आगाऊच घेतात. मग हातात येतात १,१५,७६७ आणि हप्ते उरतात ३५. असं झालं तर ते १६.२ थेट १७.३ वर जातात. "एक हप्ता आधी भरा, काय फरक पडतो?" असं कोणी म्हणालं तर हा फरक पडतो. विमा किंवा ॲक्सेसरीज कर्जात घालून विकत असतील तर त्या हव्या होत्या का हे आधी ठरवा, आणि सक्तीच्या असतील तर त्यांचे पैसे हातातल्या रकमेतून वजा करा.

बँका आणि वित्त कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ मुदत-कर्जांत केएफएस, म्हणजे मुख्य तथ्यांचं विवरणपत्र, द्यावंच लागतं. त्यात एपीआर हा वार्षिक दर शुल्क धरून, रिड्यूसिंग पद्धतीनंच काढलेला असतो. शोरूमच्या काउंटरवर बसलेला माणूस बहुधा कुठल्या तरी वित्त कंपनीचाच असतो, त्यामुळे त्याच्याकडे हा कागद सही करण्याआधी मागता येतो. तिथे ९ च्या जागी १६ च्या आसपासचा आकडा दिसला तर दचकायचं कारण नाही. कर्जाचा खरा दर तोच होता.

गावातल्या सहकारी पतसंस्थेला मात्र हा नियम लागू नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार कायद्याच्या कक्षेत येतात. तिथे सचिव ओळखीचा असला तरी फ्लॅट की रिड्यूसिंग हे लेखी घ्या, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर उरलेल्या महिन्यांचं व्याज माफ होतं का, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. फ्लॅटच्या कर्जात काही ठिकाणी ते माफ होत नाही. मग मध्येच पैसे हाती आले, तरी लवकर फेडून वाचण्यासारखं काही उरत नाही.