चार्टर मागितला, प्लॅन आला

‘प्रोजेक्ट चार्टर जोडला आहे’ असा मेल येतो. फाईल उघडावी तर आत एक्सेलच्या ८४ ओळी. ट्रेनिंग कोणाचं, कधी, चाचणी कोणत्या आठवड्यात, फॉर्म कोण छापणार, आणि शेजारी रंगीत पट्ट्या. मेहनत दिसते. पण हे काम कोणाच्या सांगण्यावरून चाललंय, ते कुठून कुठपर्यंत आहे आणि ‘झालं’ कधी म्हणायचं, हे त्या ८४ ओळींत कुठेही सापडत नाही. चार्टर मागितला होता, आला तो प्लॅन.

गोंधळ होतो कारण दोन्हींत तारखा असतात, माणसांची नावं असतात आणि दोन्ही कामाच्या सुरुवातीलाच लागतात. फरक आहे तो कागद कोणाचा यात. प्रकल्प व्यवस्थापनाची संस्था असलेल्या पीएमआयच्या व्याख्येप्रमाणे चार्टर स्पॉन्सर, म्हणजे प्रकल्पामागे अधिकाराने उभा असलेला वरिष्ठ, किंवा प्रकल्प सुरू करणारी व्यक्ती काढते. त्यामुळे प्रकल्पाला अधिकृत अस्तित्व मिळतं आणि प्रकल्प चालवणाऱ्याला कंपनीची माणसं-साधनं वापरण्याचा अधिकार मिळतो. मसुदा बहुतेक वेळा टीमचा प्रमुखच लिहितो, तरी शब्द स्पॉन्सरचा असतो. प्लॅन मात्र टीमचा. तो दर सोमवारी बदलला तरी कोणी रागावू नये.

कोणती ओळ कुठे जाते हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: ही ओळ बदलायची झाली तर स्पॉन्सरला विचारावं लागेल का? लागणार असेल तर ती चार्टरमध्ये, नाहीतर प्लॅनमध्ये.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पण चाकण-भोसरीत काम केलेल्यांना चित्र ओळखीचं वाटेल. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम कारखाना. सप्लायरांची तक्रार अशी की बिलं पास व्हायला फार वेळ लागतो. माल गेटवर येतो, गेट एन्ट्री होते, स्टोअर्स माल मोजून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतं, क्वालिटी तपासतं आणि मग अकाउंट्स पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळवून बिल पास करतं. लघुउद्योगांचं देणं थकवणं आता महागातही पडतं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची जोड दिली. या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही.

या कामासाठी पहिल्या मसुद्यात समस्या अशी लिहिलेली असते: ‘अकाउंट्सकडे ऑटोमेशन नसल्याने बिलांना उशीर होतो, म्हणून बिल स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर बसवणे.’ एकाच वाक्यात कारणही ठरलं आणि उपायही. मग शोधायचं काय उरलं? प्रक्रिया सुधारण्याच्या कामात चार्टर आणि प्लॅन वेगळे ठेवायचं मोठं कारण इथेच आहे. इमारत बांधताना काय बांधायचं ते पहिल्या दिवशी ठाऊक असतं, त्यामुळे तपशीलवार प्लॅन लगेच करता येतो. इथे उपाय अजून सापडलेलाच नाही. पहिल्याच दिवशी कोणी ८४ ओळी लिहू शकत असेल तर त्याने उपाय मनात आधीच ठरवलेला आहे असं खुशाल समजावं.

चार्टरमधली समस्या नुसती दिसणारी गोष्ट सांगते: ‘गेल्या तिमाहीत आलेल्या ४०० बिलांना गेटपासून पास होईपर्यंत सरासरी १८ दिवस लागले. त्यांतली ८० बिलं ३० दिवसांहून जास्त रखडली.’ दोष कोणाचा, ते इथे नाही. आणि सरासरीपेक्षा त्या ८० बिलांकडे पाहायला हवं. पास व्हायलाच ३० दिवसांहून जास्त गेले तर ४५ च्या आत पैसे सोडायला फायनान्सकडे पंधरवडाही उरत नाही.

हा १८ चा आकडा आला कुठून, हेही चार्टरमध्ये लिहावं लागतं. सिस्टिममधून रिपोर्ट काढला तर ती सरासरी ८ दिवस दाखवते, कारण तिचं घड्याळ जीआरएनच्या तारखेपासून सुरू होतं. माल गेटवर आला आणि जीआरएन व्हायला दहा दिवस गेले, ते सिस्टिमला दिसतच नाहीत. ते दिसतात गेटवरच्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये. कायद्याचं घड्याळही आपल्या जीआरएनची वाट पाहत नाही. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरला जातो. म्हणून यशाच्या मापाशेजारी ‘सुरुवातीची तारीख: गेट रजिस्टर, शेवटची तारीख: सिस्टिममधलं बिल पासिंग’ एवढं लिहायचंच. नाहीतर शेवटच्या मीटिंगला एक जण ८ म्हणेल, दुसरा १८, आणि दोघेही खरे असतील.

रजिस्टरची पानं कोण उतरवून घेणार, किती आठवड्यांची, कोणत्या दिवशी, हा मात्र प्लॅनचा भाग. मंगळवारऐवजी गुरुवारी बसलात तर स्पॉन्सरला त्याचं काय?

व्याप्ती लिहिताना हीच दोन टोकं पुन्हा वापरायची. नेहमीची चूक अशी की व्याप्ती बिल पास होण्यापाशी थांबते आणि यशाचं माप असतं ‘सप्लायरला पैसे मिळायला लागणारे दिवस’. मग बिल चौथ्या दिवशी पास झालं तरी महिनाअखेरीला खात्यात पैसे नसल्याने पेमेंट अडकतं, आणि टीमच्या हातात नसलेल्या गोष्टीवर टीम नापास होते. उलटही घडतं. खात्यात पैसे असले की काहीही न सुधारता माप सुधारतं आणि सगळे पाठ थोपटून घेतात.

काय नाही, हेही व्याप्तीत लिहायचं, आणि माझ्या मते तीच यादी जास्त उपयोगाची. आपल्या उदाहरणात: एकाच प्लांटचा कच्चा माल आणि रोजच्या वापराच्या वस्तू आत. मशिनरीची खरेदी, आयात, ट्रान्सपोर्टरची बिलं आणि ईआरपी बदलणं बाहेर. मसुदा वाचून स्पॉन्सरने ‘बाहेर’च्या यादीवर वाद घातला तर बरं समजावं. त्याने खरंच वाचलंय. काही न बोलता सही आली की मला थोडी धास्ती वाटते.

स्पॉन्सर कोण, यात बहुतेक ठिकाणी ज्याला त्रास होतो त्याचं नाव घातलं जातं. इथे त्रास सीएफओना, म्हणून नाव त्यांचं. पण दहा दिवस जातात ते गेट ते जीआरएन, आणि स्टोअर्स-क्वालिटी दोन्ही प्लांट हेडच्या हाताखाली. स्टोअर्सने ‘दुपारी माणूसच नाही’ म्हटलं की सीएफओ विनंती करू शकतात, हुकूम नाही. दोन खात्यांचं जुंपल्यावर ज्याच्या एका शब्दाने विषय मिटतो, तो स्पॉन्सर. या उदाहरणात खरेदीही प्लांट हेडकडेच आहे असं धरू, म्हणजे नाव त्यांचंच. अकाउंट्स तेवढं त्यांच्या कक्षेबाहेर राहतं, म्हणून सीएफओंची संमतीची सही खाली घ्यायची. दोन स्पॉन्सर मात्र नकोत. दोघांपैकी कोणीच मीटिंगला येत नाही. काम संपल्यावर नवी पद्धत रोज सांभाळणारा प्रोसेस ओनर वेगळा, इथे स्टोअर्स मॅनेजर, आणि त्यांचं नावही पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं बरं.

वेळापत्रक हीच जागा अशी की दोन्ही कागद एकमेकांसारखे दिसू लागतात. चार्टरमध्ये कामांची यादी नको, थांबे हवेत. प्रक्रिया सुधारण्याच्या सिक्स सिग्मा पद्धतीच्या पाच टप्प्यांतला पहिला, म्हणजे व्याख्येचा, चार्टरवर सही झाली की संपतो. उरलेल्यांच्या चार तारखा पुरतात: तिसऱ्या आठवड्याअखेर आजची स्थिती मोजून पक्की, सहाव्याअखेर कारणं सिद्ध, दहाव्यापर्यंत एका गोदामात नवी पद्धत चालवून पाहिलेली, सोळाव्याला प्रोसेस ओनरच्या ताब्यात. प्रत्येक थांब्यावर स्पॉन्सर पुढे जा म्हणतो किंवा थांबा म्हणतो. दोन थांब्यांच्या मधलं सगळं प्लॅनमध्ये, आणि तेही पुढच्या एकाच टप्प्याचं तपशिलाने. त्याच्या पलीकडचं आज लिहिलं तर बहुतेक पुसावंच लागतं.

यशाचं माप एका ओळीत बसतं: ३० दिवसांहून जास्त रखडणारी बिलं शंभरात २० वरून ५ वर, सोळाव्या आठवड्यानंतरच्या सलग दोन महिन्यांत. त्याच्या शेजारी एक राखणदार माप ठेवायचं: चुकीची किंवा दुबार पास झालेली बिलं आजच्यापेक्षा वाढता कामा नयेत. ते नसेल तर बिलं पटापट पास करण्याचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे न तपासता पास करणं, आणि तारीख जवळ आली की तो कोणाला तरी सुचतोच.

एवढं सगळं दोन पानांत मावतं. दोन कागद वेगळे असल्याचा फायदा दिसतो सहाव्या आठवड्यात. गेट रजिस्टर आणि जीआरएन शेजारी ठेवल्यावर टीमला कळतं की माल मोजायला वेळ लागतच नाही. रखडलेल्या ८० पैकी जवळजवळ निम्म्या बिलांत पीओचा दर जुना होता. स्टोअर्स अशा पीओवर जीआरएन न करता कागद बाजूला ठेवत होतं आणि खरेदी खातं दर दुरुस्त करून देईपर्यंत वाट पाहत होतं. प्लॅनमधलं स्टोअर्सचं ट्रेनिंग त्याच दिवशी रद्द होतं, त्याजागी दरबदलाची मंजुरी येते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. चार्टर जसाच्या तसा राहतो.

त्याच आठवड्यात खरेदी प्रमुख म्हणतात, ‘चालूच आहे तर ट्रान्सपोर्टरची बिलंही घ्या की.’ टीमला हो म्हणावंसं वाटतं, कारण दर दुरुस्त करून घ्यायचे आहेत ते त्यांच्याकडूनच. पण ती ओळ ‘बाहेर’च्या यादीत आहे. म्हणून कागद प्लांट हेडकडे जातो. ते सोळा आठवड्यांचे वीस मान्य करतील, नाहीतर यादी आहे तशीच ठेवतील, आणि जे ठरेल त्याच्या शेजारी तारीख घालून सही करतील.